बेंझीनच्या वलयावर जागा कोण ठरवतं?

बारावीच्या रसायनशास्त्रात अमाइन संयुगांच्या धड्यात तीन आकडे भेटतात: ५१, ४७ आणि २. ॲनिलीनवर तीव्र नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची अभिक्रिया केली, की तयार होणाऱ्या नायट्रोॲनिलीनमध्ये पॅरा प्रकार ५१ टक्के, मेटा ४७ टक्के आणि ऑर्थो अवघा २ टक्के असतो. बहुतेक विद्यार्थी हे आकडे पाठ करून पुढे जातात. पण अमिनो गट नव्या गटाला ऑर्थो आणि पॅरा जागांकडे पाठवतो, हेही त्यांनी शिकलेलं असतं. मग जवळपास निम्मा माल मेटा जागेवर कसा गेला? आणि ऑर्थो का जवळजवळ नाहीसा झाला? या दोन प्रश्नांची उत्तरं शोधताना बेंझीनच्या वलयावरचा सगळा कारभार उलगडतो. पाठांतराऐवजी कागद-पेन्सिल घेऊन अंदाज बांधता येतो, तो कशाच्या जोरावर, हेही कळतं.

सुरुवात जागांच्या नावांपासून करू. बेंझीन म्हणजे सहा कार्बन अणूंचं वलय, प्रत्येक कार्बनला एकेक हायड्रोजन. एका हायड्रोजनच्या जागी दुसरा गट आला, की ती प्रतियोजन अभिक्रिया. आता वलयाच्या जागी घड्याळाची तबकडी समजा आणि सहा कार्बन १२, २, ४, ६, ८ आणि १० या आकड्यांवर ठेवा. आधीपासून असलेला गट १२ वर आहे. त्याच्या लगतच्या दोन जागा, म्हणजे २ आणि १०, या ऑर्थो. त्यापलीकडच्या ४ आणि ८ या मेटा. बरोबर समोरची ६ ही पॅरा. दुसरा गट येतो तेव्हा त्याला या पाच जागा मोकळ्या असतात. त्याने डोळे मिटून जागा निवडली असती, तर ऑर्थो ४० टक्के, मेटा ४० टक्के आणि पॅरा २० टक्के मिळायला हवं होतं. प्रत्यक्षात असं जवळजवळ कधीच होत नाही. टोल्यूइनचं, म्हणजे मिथिल गट असलेल्या बेंझीनचं नायट्रेशन केलं तर ऑर्थो साधारण ५९ टक्के, पॅरा ३७ टक्के आणि मेटा जेमतेम ४ टक्के मिळतं. नायट्रोबेंझीनचं पुन्हा नायट्रेशन केलं, तर चित्र पालटतं आणि मेटा ९३ टक्क्यांवर जातं. येणारा गट दोन्हीकडे तोच आहे. फरक १२ वर आधीपासून बसलेल्या गटाचा आहे.

वेगही बदलतो. टोल्यूइन साध्या बेंझीनच्या सुमारे २५ पट वेगाने नायट्रेशन करून घेतं. नायट्रोबेंझीन मात्र बेंझीनच्या तुलनेत कोटीपटीहून अधिक मंद असतं. बेंझीनला मिश्र आम्लात ५० ते ६० अंश सेल्सियस तापमान पुरतं. नायट्रोबेंझीनवर दुसरा नायट्रो गट चढवायला धुमसणारं नायट्रिक आम्ल आणि १०० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. वेग वाढवणाऱ्या गटांना सक्रियक म्हणतात, कमी करणाऱ्यांना निष्क्रियक. वेग आणि जागा हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण त्यांची मुळं एकाच ठिकाणी आहेत.

ते ठिकाण म्हणजे अभिक्रियेच्या मध्यावर क्षणभर तयार होणारा आयन. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्ल एकत्र आले की नायट्रोनियम आयन तयार होतो. त्याच्यावर धनप्रभार असतो, म्हणून तो इलेक्ट्रॉनांच्या शोधात असतो. वलयाकडे फिरते इलेक्ट्रॉन असतात. त्यातली एक जोडी घेऊन नायट्रोनियम एखाद्या कार्बनला जोडला जातो. इलेक्ट्रॉन दिल्यामुळे आता वलय धनप्रभारित होतं. त्यानंतर त्या कार्बनवरचा हायड्रोजन प्रोटॉन होऊन निघून जातो आणि वलय पुन्हा पूर्ववत होतं. अवघड टप्पा पहिला आहे, कारण त्यात वलयाचं स्थैर्य काही काळ मोडतं. ज्या जागेवरचा हल्ला कमी अस्थिर आयन देतो, तिथे अभिक्रिया लवकर होते आणि त्या जागेचा माल जास्त मिळतो.

या आयनातला धनप्रभार वलयावर सगळीकडे सारखा पसरत नाही. जिथे हल्ला झाला त्या कार्बनच्या दोन्ही शेजाऱ्यांवर आणि त्याच्या समोरच्या कार्बनवर, अशा तीनच ठिकाणी तो वाटला जातो. तबकडीवर हे करून बघा. हल्ला ६ वर झाला, तर प्रभार ४, ८ आणि १२ वर. हल्ला २ वर झाला, तर शेजारी १२ आणि ४, समोर ८. म्हणजे पुन्हा तेच तीन आकडे. १० वरच्या हल्ल्याचंही तेच. पण हल्ला ४ वर झाला, तर शेजारी २ आणि ६, समोर १०. इथे १२ येतच नाही. ८ वरचा हल्लाही १२ ला वगळतो.

सगळा नियम एवढाच आहे. ऑर्थो किंवा पॅरा जागेवर हल्ला झाला, की धनप्रभाराचा काही भाग नेमका जुन्या गटाच्या पायाशी येतो. मेटा जागेवर झाला, की त्या कार्बनवर प्रभार येतच नाही. त्यामुळे आपण एकच प्रश्न विचारायचा: १२ वर बसलेल्या गटाला आपल्या पायाखाली धनप्रभार चालतो का?

ज्याला चालतो तो ऑर्थो-पॅरा दिशादर्शक. ऑक्सिजन किंवा नायट्रोजन थेट वलयाला जोडलेला असेल आणि त्याच्याकडे एकाकी इलेक्ट्रॉन जोडी असेल, तर ती जोडी तो शेजारच्या धनप्रभारित कार्बनकडे सरकवतो आणि प्रभाराचा भार स्वतः उचलतो. फिनॉलमधला हायड्रॉक्सिल गट आणि ॲनिलीनमधला अमिनो गट हेच करतात. मिथिल गटाकडे एकाकी जोडी नसते, पण तोही थोडेफार इलेक्ट्रॉन पुढे ढकलतो. म्हणून टोल्यूइनचा कल ऑर्थो-पॅराकडे असतो, पण वेगातली वाढ बेताची राहते.

ज्याला धनप्रभार चालत नाही तो मेटा दिशादर्शक. नायट्रो गटातला वलयाला जोडलेला नायट्रोजन स्वतःच धनप्रभारित असतो. त्याच्या पायाशी आणखी एक धनप्रभार आला, तर दोन सजातीय प्रभार समोरासमोर येतात आणि आयन फार अस्थिर होतो. कार्बोक्सिलिक, अल्डिहाइड, सायनो आणि सल्फोनिक गटांचं असंच आहे. त्यांचा वलयाला टेकलेला अणू आधीच इलेक्ट्रॉनांना पारखा झालेला असतो. हे गट मेटा जागेला मदत करतात, असं मात्र समजू नये. ते पाचही जागा अवघड करतात. ऑर्थो आणि पॅरा अतिशय अवघड होतात, मेटा त्या मानाने कमी. नायट्रोबेंझीनचं ९३ टक्के मेटा हे कोटीपटीने मंदावलेल्या अभिक्रियेतून मिळालेलं मेटा आहे.

क्लोरीन या दोन्ही गटांत नीट बसत नाही, आणि नियम खरा समजला आहे की नाही याची कसोटी तोच घेतो. क्लोरोबेंझीनचं नायट्रेशन बेंझीनपेक्षा सुमारे ३० पट मंद असतं. म्हणजे क्लोरीन निष्क्रियक आहे. तरीही माल मिळतो तो पॅरा साधारण ७० टक्के, ऑर्थो ३० टक्के आणि मेटा एखादा टक्का. कारण क्लोरीनकडे दोन विरुद्ध ताकदी आहेत. त्याची इलेक्ट्रॉनांची ओढ जबर असल्यामुळे तो बंधातूनच वलयाचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो आणि सगळ्या जागा मंद होतात. पण धनप्रभार थेट पायाशी आला, की त्याची एकाकी जोडी थोडी मदत करते. ही मदत फक्त ऑर्थो आणि पॅरा हल्ल्यांना मिळते. खेचण्याने वेग ठरतो, देण्याने जागा ठरते.

हा तपशील औषधाच्या गोळीपर्यंत पोचतो. पॅरासिटामॉलमध्ये वलयावरचे दोन गट समोरासमोर असावे लागतात. ते बनवण्याच्या एका रुळलेल्या औद्योगिक मार्गात आधी बेंझीनवर क्लोरीन चढवतात आणि मग नायट्रेशन करतात. ऑर्थो आणि पॅरा क्लोरोनायट्रोबेंझीनचं मिश्रण मिळतं. पॅराचा द्रवणांक ८३ अंशांच्या आसपास, ऑर्थोचा ३२ च्या आसपास, त्यामुळे मिश्रण थंड करताना पॅरा आधी स्फटिकरूपात बाहेर पडतो. पुढे अल्कलीने क्लोरीनच्या जागी हायड्रॉक्सिल आणतात, नायट्रो गटाचं अमिनो गटात क्षपण करतात आणि त्यावर ॲसिटिल गट बसवतात. आता क्रम उलटा करून पाहा. आधी नायट्रो आणि मग क्लोरीन म्हटलं, तर नायट्रो गट क्लोरीनला मेटा जागेवर धाडेल. मेटा जागेवरून नायट्रो गटाचा पुढच्या पायरीला उपयोग होत नाही, त्यामुळे तो क्लोरीन अल्कलीला सहजी दाद देत नाही. तीच रसायनं, तीच भांडी, पण क्रम उलटला की गोळीपर्यंतची वाट बंद.

आता ५१, ४७ आणि २ कडे वळू. अमिनो गट हा फार ताकदीचा सक्रियक आहे. ॲनिलीनमध्ये ब्रोमीनचं पाणी घातलं, तर कोणत्याही उत्प्रेरकाशिवाय, नुसत्या थंड द्रावणात, पांढरा साका खाली बसतो. दोन्ही ऑर्थो आणि एक पॅरा, अशा तीनही जागा ब्रोमीनने एका दमात भरलेल्या असतात. नियम अगदी तंतोतंत पाळला गेला. मग नायट्रेशनमध्ये काय बिघडतं?

बिघडतं ते आम्लामुळे. ॲनिलीन हे आम्लारी आहे. तीव्र आम्लात पडताच नायट्रोजन आपली एकाकी जोडी प्रोटॉनला देऊन टाकतो आणि ॲनिलिनियम आयन तयार होतो. म्हणजे कागदावर आपण अमिनो गट लिहिलेला असतो, पण चंबूत तो त्या रूपात उरलेलाच नसतो. जिच्या जोरावर तो ऑर्थो-पॅराकडे बोट दाखवत होता, ती जोडी आता मोकळी नाही. उलट नायट्रोजनवर पूर्ण धनप्रभार बसला आहे. १२ वरच्या गटाला पायाखाली दुसरा धनप्रभार चालेल का? चालणार नाही. म्हणून मेटा ४७ टक्के.

मग पॅरा ५१ टक्के तरी कुठून येतं? पाठ्यपुस्तकं सांगतात की थोडं ॲनिलीन प्रोटॉनविना मोकळं राहतं. त्याचं प्रमाण नगण्य असलं, तरी वेग प्रचंड असल्याने ते आपला वाटा उचलतं. ही गोष्ट खरी आहे, पण पुरेशी नाही. नायट्रोजनवर प्रोटॉनऐवजी तीन मिथिल गट बसवले, तर तो धनप्रभार कायमचा होतो. त्यातून प्रोटॉन सुटून मोकळी जोडी परत मिळण्याचा प्रश्नच येत नाही. अशा संयुगाचं नायट्रेशन केलं तर ८९ टक्के मेटा मिळतं, तरीही ११ टक्के पॅरा मिळतंच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जॉन रिड यांनी १९६० च्या दशकात अशा आयनांचा बारकाईने अभ्यास केला. ॲनिलिनियम आयन स्वतःही बराच पॅरा माल देतो, हे त्यातून दिसलं. नायट्रो गट वलयातले इलेक्ट्रॉन स्वतःच्या बंधांत सामावून घेऊ शकतो, ॲनिलिनियमला तशी सोय नाही. तो फक्त प्रभाराच्या जोरावर खेचतो, म्हणून त्याचा मेटाकडचा कल तितका कडक राहत नाही. आपले नियम ‘जास्त’ आणि ‘कमी’ सांगतात, ‘सगळं’ आणि ‘काहीच नाही’ असं सांगत नाहीत, हे इथे लक्षात ठेवावं लागतं.

टक्केवारीत न दिसणारा आणखी एक तोटा आहे. मोकळ्या ॲनिलीनला नायट्रिक आम्ल जाळतंही. ऑक्सिडीकरण होऊन काळपट डांबरासारखा चिकट पदार्थ तयार होतो आणि त्यातून स्वच्छ माल वेगळा काढणं जिकिरीचं होतं. म्हणून पॅरा नायट्रोॲनिलीन हवं असेल, तर कोणी ॲनिलीनवर थेट आम्ल ओतत नाही.

त्यावरचा उपाय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आजही केला जातो. आधी ॲनिलीनवर ॲसेटिक ॲनहायड्राइडची अभिक्रिया करून ॲसिटॅनिलाइड बनवतात. आता नायट्रोजनच्या एका बाजूला वलय आहे आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेला कार्बन. एकाकी जोडीची ओढाताण दोन्हीकडून होते. त्यामुळे नायट्रोजनला प्रोटॉन धरण्यात पूर्वीसारखा रस उरत नाही आणि तीव्र आम्लातही ती जोडी वलयाच्या कामी येते. वलयाला मिळणारी मदत कमी होते, पण थांबत नाही. गट सक्रियक राहतो, ऑर्थो-पॅरा दिशादर्शकही राहतो, फक्त त्याचा जोर माफक होतो. शिवाय तो आता आकाराने मोठा झाला आहे. २ आणि १० वर येऊ पाहणाऱ्या नायट्रोनियमला तो अडचण करतो, ६ वर मात्र वाट मोकळी असते. म्हणून माल मुख्यतः पॅराच मिळतो.

प्रयोग करताना ॲसिटॅनिलाइड ग्लेशियल ॲसेटिक आम्लात विरघळवतात, त्यात तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालतात आणि चंबू बर्फात ठेवतात. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांचं थंड मिश्रण थेंबाथेंबाने सोडतात. तापमान १० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं, म्हणून एक डोळा तापमापीवर ठेवावा लागतो. मिश्रण टाकून झालं की चंबू अर्धा तास खोलीच्या तापमानाला ठेवतात आणि मग सगळं बर्फाच्या चुऱ्यावर ओततात. फिकट पिवळसर घन पदार्थ वेगळा होतो. तो थंड पाण्याने आम्ल जाईपर्यंत धुतात आणि गरम अल्कोहोलमधून पुन्हा स्फटिक करतात. ऑर्थो प्रकार अल्कोहोलमध्ये जास्त विरघळत असल्याने तो द्रावणात मागे राहतो आणि पॅरा नायट्रोॲसिटॅनिलाइडचे स्फटिक गाळणीवर मिळतात.

घाई केली तर काय होतं, तेही याच नियमाने सांगता येतं. आम्ल भराभर ओतलं आणि तापमान चढलं, तर एकाच वलयावर दोन नायट्रो गट चढू शकतात. गरम आम्लात ॲसिटिल गट सुटूनही जाऊ शकतो. तो सुटला की पुन्हा अमिनो गट, लगेच त्यावर प्रोटॉन, आणि आपण टाळलेली परिस्थिती परत समोर. माल शुद्ध आहे का, हे द्रवणांक सांगतो. पॅरा नायट्रोॲसिटॅनिलाइड २१५ अंशांच्या आसपास वितळतं, ऑर्थो ९३ च्या आसपास. स्फटिक २०० अंशांच्या खालीच ओघळू लागले, तर भेसळ आहे हे नक्की. तसंच, आम्लांच्या मिश्रणाऐवजी ॲसेटिक ॲनहायड्राइडमध्ये नायट्रेशन केलं, तर ऑर्थोचं प्रमाण खूप वाढतं. गट तोच असतो, पण हल्ला करणारं रसायन बदललेलं असतं. म्हणून पुस्तकातली टक्केवारी नेहमी परिस्थितीसकट वाचावी.

शेवटी सौम्य सल्फ्युरिक आम्लात उकळून ॲसिटिल गट काढून टाकतात आणि अल्कली घालतात. अल्कली पडताच पिवळंधमक पॅरा नायट्रोॲनिलीन खाली बसतं. द्रवणांक सुमारे १४८ अंश. पॅरा रेड हा लाल रंग याच्यापासूनच तयार करतात.

उरलेली दोन भावंडंही विचार करून मिळवता येतात. ऑर्थो हवं असेल, तर पॅरा जागा तात्पुरती अडवायची. ॲसिटॅनिलाइडवर आधी सल्फोनिक गट चढवायचा, तो मोठा असल्याने ६ वर जाऊन बसतो. मग नायट्रेशन करायचं. नव्या गटाने कुठे जावं याबद्दल दोन्ही गट एकच सांगतात: नायट्रोजनच्या ऑर्थो जागा याच सल्फोनिक गटाच्या मेटा जागा आहेत. नंतर आम्लात तापवून सल्फोनिक आणि ॲसिटिल हे दोन्ही गट काढून टाकले, की नारिंगी ऑर्थो नायट्रोॲनिलीन मिळतं. ते ७१ अंशांच्या आसपास वितळतं.

मेटा हवं असेल, तर नायट्रोजनवाल्या गटाने सुरुवातीला इलेक्ट्रॉन देणाऱ्या रूपात असताच कामा नये. त्यासाठी नायट्रोबेंझीन घ्यायचं आणि त्यावर दुसरा नायट्रो गट चढवायचा. पहिला गट त्याला मेटा जागेवर धाडतो. मग सोडियम सल्फाइडसारखं सौम्य क्षपणक वापरून दोनपैकी एकाच नायट्रो गटाचा अमिनो गट करायचा. हे पिवळं मेटा नायट्रोॲनिलीन ११४ अंशांच्या आसपास वितळतं.

तिन्ही संयुगांचं रेणुसूत्र एकच आहे, तिन्हींत गट तेच आहेत. कोणतं मिळणार, हे ठरतं नवा गट येण्याच्या क्षणी १२ वर कोण आणि कोणत्या रूपात बसलेलं आहे यावर. म्हणून अंदाज बांधताना आधी चंबूतलं आम्ल पाहावं, त्यात गटाचं काय झालं असेल ते ठरवावं, आणि मगच तबकडीवर बोट ठेवावं. ॲनिलीनचे ४७ टक्के मेटा त्यांनाच चकवतात, जे हा पहिला टप्पा गाळतात.